परिचयातली माझी मूल्यं

माणसाची खरी ओळख पदव्यांतून नव्हे, मूल्यांतून होते, असं मी माझ्या परिचयात लिहिलं होतं. इस्लामपुरात दातांचा दवाखाना नुकताच काढला होता. खुर्ची रिकामीच असायची, म्हणून निदान वेबसाइट वाचून तरी पेशंट यावेत या आशेनं मी तो परिच्छेद दिवसातून चारदा बदलत होतो.

बायकोनं तो वाचला. "'मी प्रामाणिकपणा जपतो' म्हणजे? बाकीचे डॉक्टर काय चोर आहेत?"

ते वाक्य गेलं. मुलींची नावं आणि शाळा तिनं स्वतःच खोडली. अनोळखी लोकांना ती कशाला हवीत? फौजेतले आजोबाही गेले, कारण दाढ ते काढणार नव्हते. पक्षीनिरीक्षण एका ओळीत राहिलं. मी मूळचा वाईचा, हेही ठेवलं, कारण इकडे गाव विचारल्याशिवाय कुणी खुर्चीत बसत नाही. तरी मला चैन पडेना.

आठवड्यानं शिराळ्याहून एका बाईंचा फोन आला.

"आवं डॉक्टर, समदं वाचलं. लय चांगलं लिवलंय. पण दवाखाना उघडतो कवा?"

वेळ आम्ही कुठंच लिहिली नव्हती.