तुमाला काय म्हणू?

“तुमाला काय म्हणू?”

तिकिटाचं मशीन पोटाशी धरून ती प्रत्येक नव्या प्रवाशाला आधी हे विचारायची. कुठं जायचं, ते नंतर. सेलूहून वालूरला जाणाऱ्या आमच्या सकाळच्या गाडीला ती कंडक्टर होती, आणि मी त्या गाडीचं रोजचं गिऱ्हाईक. वालूरच्या शाळेत क्लार्क आहे.

मलाही पहिल्या दिवशी विचारलं. मी मागं सरकलेल्या केसांवरून हात फिरवत म्हणालो, “सर म्हणा.”

“शिकवता का?”

“नाही. ऑफिसात असतो.”

“मग भाऊ म्हणते.” आणि तिकीट फाडून हातात.

घरी येऊन मी हे रागारागानं सांगितलं. बायको भाजी निवडत म्हणाली, “भाऊ म्हणाली? लयच दया केली की. परवा दुधवाला तुमाला आजोबा म्हणणार होता, मी दार लावून घेतलं म्हणून वाचलात.”

तुम्हीही पाहिलं असेल, आपण तोंडाला येईल ते नातं अनोळखी माणसाच्या गळ्यात बांधतो. खरं म्हणजे तोंडाला येत नाही, डोळ्याला दिसतं ते बांधतो. एकाच वयाच्या तीन बाया गाडीत चढू द्या. नऊवारी नेसलेली आणि हातात विळा असलेली मावशी होते. चष्मा आणि पर्सवाली काकू होते. ड्रेस घालून मोबाईलवर बोलणारी मॅडम होते. वय एक, गाव एक, कापडावर नातं ठरतं. आणि वर आपण म्हणतो, किती प्रेमळ आपला मराठवाडा!

तिला हे चालत नसे. एकदा मी विचारलं, हे खूळ कुठून लागलं? ती गाडीच्या दांडीला टेकून म्हणाली, “नोकरीला लागले तवा एका बाईला म्हणलं, मावशी, पुढं सरका. उन्हानं करपून कोळसा झालेली. माझ्याकडं बघितलं आन म्हणली, तुझ्याच वर्गात व्हते मी, तुझ्याच बाकावर. तवापासून विचारते.”

स्वतःबद्दलही तिचा कायदा पक्का होता. “तिकीट पाहिजे तर मॅडम म्हणा. ताई म्हणायचं असंल तर राखी पौर्णिमेला घरी या, नारळ घेऊन.” तिचा अनुभव असा, की ‘ताई’ म्हणणाऱ्याला गाडी थांबा नसलेल्या ठिकाणी थांबवून हवी असते, आणि ‘वैनी’ म्हणणाऱ्याला मोबाईल नंबर. “ज्याला काईच नको असतं, तो नुसता तिकीट द्या म्हणतो. त्यो खरा सज्जन.”

वाटेतल्या एका गावी रोज एक म्हातारी चढायची. बौद्धवाड्यातली, गावकऱ्यांच्या वालूरकडच्या शेतांत निंदणीला जाणारी. तिलाही विचारलं, “तुमाला काय म्हणू?” म्हातारी घाबरली. काही चुकलं की काय, असं वाटून फाटक्या पदराची गाठ सोडून आधार कार्डच काढायला लागली. तिला असं कुणी विचारलंच नव्हतं. पुढं कितीतरी दिवस ती नुसती हसायची. मग एका सकाळी, पायरीवरूनच, लाजत म्हणाली, “आक्का म्हन. धाकला भाऊ म्हनायचा. त्यो गेला, मंग कुनी न्हाई म्हनलं.”

त्या दिवसापासून ती आक्का. गाडी थांबली की कंडक्टरचा आवाज यायचा, “या आक्का!” आणि म्हातारी नवरीसारखी चढायची. हळूहळू आम्ही रोजचे लोकही आक्का म्हणू लागलो. फुकटचं होतं, म्हणून जमलं.

आता जे सांगतो त्यानं माझं डोकं अजून तापतं.

आक्काच्याच गावचे एक पुढारी. जीप गॅरेजात म्हणून त्या दिवशी बसमध्ये आले. पांढरे कपडे, सोबत दोन माणसं. चढताचढता कंडक्टरला हात जोडले. “नमस्कार ताई! लय गर्दी, थकल्या असाल.” आवाजात साखर. मग पहिल्या बाकावर बसलेल्या आक्काकडं वळले, आणि त्याच तोंडानं, “ए, ऊठ गं. मागं जा.”

आक्का उठलीसुद्धा. पाय त्या आवाजाला ओळखत होते.

कंडक्टरनं दोरी ओढली. एक घंटी. नुकती सुटलेली गाडी थांबली.

“काय म्हणालात त्यांना?”

“काय म्हणालो? गावातलीच हाय ताई ती.”

“मला कवा बघितलं तुमी याआधी?”

“आजच की.”

“मला आज बघितलं, तर मी ताई. ह्यांना जन्मल्यापासून बघताय, त्या तुमच्या आईपेक्षा मोठ्या, तर त्या ‘ए’? मग मला बी ए म्हणा. म्हणा, ए कंडक्टर!”

मागून सुरू झालं, “ताई, जाऊ द्या.” “ताई, उशीर व्हायलाय.” “ताई, मोठी माणसं हायेत.” ज्याला त्याला एकदम बहीण आठवली. तिचं तोंड बंद करायला सगळ्यांना तोच शब्द सापडला.

मी उभा राहिलो. “मॅडमचं बरोबर आहे,” म्हणालो. आवाज जरा चिरकला, पण म्हणालो. पुढाऱ्यांनी माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. “काका, तुमी बसा.”

त्यांच्यापेक्षा मी फार तर चार दिवाळ्या पुढं असेन! त्या ‘काका’त आदराचा टिपूस नव्हता. ‘तुमचं वय झालं, तुमचं कोण ऐकतं’ एवढंच त्यात होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला सोज्वळ शब्दात शिवी मिळाली.

आक्का मात्र कंडक्टरच्या हाताला धरून कुजबुजली, “जाऊ दे माय. मला त्या गावात ऱ्हायचंय.”

कंडक्टर दाराजवळचं स्वतःचं आसन झटकून म्हणाली, “हितं बसा आक्का. हितून कुणाला उठवता येत न्हाई.” आणि दोन घंट्या दिल्या. वालूरपर्यंत ती उभी राहिली. पहिला बाकही रिकामाच राहिला. पुढाऱ्यांना आता तिथं बसवेना.

दुसऱ्या दिवशी आक्का आली नाही. तिसऱ्याही नाही. गावातल्या एका पोरीनं सांगितलं, निंदणीला बोलावणं बंद झालंय. पुढाऱ्यांच्या शेतावर नाही, त्यांच्या भावकीच्या शेतावरही नाही. बसमध्ये कंडक्टर बोलली, आणि चूल म्हातारीची विझवली. आहे की नाही न्याय?

ते ऐकून कंडक्टर चिल्लर मोजायची तशी बोटं हलवत राहिली. आठवड्याच्या शेवटी मला म्हणाली, “भाऊ, मी जिंतूरकडची ड्युटी मागून घेतली.”

“तुम्ही का जायचं? चूक त्यांची!”

“रोज ह्या गाडीवर त्यांच्या गावात मी दिसले की त्यांचा राग जागा ऱ्हातो. राग माझ्यावर निघत न्हाई, आक्कावर निघतो.” मग दाराबाहेर बघत म्हणाली, “मला कुठंबी गाडी हाय. आक्काला तेवढंच गाव हाय.”

ती गेली. तिला आम्ही निरोपसुद्धा दिला नाही. पुढाऱ्यांचा राग निवला, आक्काला पुन्हा बोलावणं आलं. ते जिंकले, असंच म्हणायचं, आणि म्हणताना माझे दात अजून करकरतात.

नवा कंडक्टर पोरगेला, भला, घाईतला. आक्का परत आली त्या सकाळी मशीनवरून मान वर न करता म्हणाला, “मावशी, जरा आत सरका.”

आक्का सरकली नाही. पायरीवरच उभी राहिली. मागं तिच्या गावची माणसं चढायला खोळंबली होती. त्यांच्यात पुढाऱ्यांसोबतचा एक जणही होता.

“आक्का म्हन,” ती म्हणाली.

पोरानं मान वर केली.

“आक्का म्हन मला. मंग सरकते.”