ओला रंग, हात लावू नये

माझं अक्षर सुंदर आहे, असं चौथीतल्या गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं आणि माझं वाटोळं तिथंच सुरू झालं. कारण त्या दिवसापासून कोणी माझ्या अक्षराला छान म्हटलं की मला पुढचं-मागचं काही दिसेनासं होतं.

अंबरनाथच्या कारखान्यांजवळ एका लॉजवर मी मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे नऊ खोल्या, एक काउंटर, एक नोंदवही आणि मी. मोरिवलीतल्या घरून सकाळी सायकलने यायचो. लॉजचे मालक उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राहायचे आणि दिवसाआड चक्कर मारायचे. त्यांना माझं काम बेताचंच वाटे, पण माझे बोर्ड आवडत. काउंटरमागे मी दोन बोर्ड रंगवले होते. पहिला: ‘बाहेर जाताना खोलीची चावी काउंटरवर जमा करावी.’ दुसरा: ‘मौल्यवान वस्तू मॅनेजरकडे ठेवाव्यात.’ दोन्ही निळ्या रंगात, लाल सावली देऊन. त्यातला एकही मी कधी नीट वाचला नव्हता. लिहिणाऱ्याला वाचायची काय गरज?

त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचे बूट गेले आणि त्याने मालकांच्या डोक्याशी कटकट केली. मालक म्हणाले, “एक बोर्ड और लगाव रे. चोरी झाली तर आपली जिम्मेदारी नाय. मोठ्या अक्षरात लिव. मग कोण काय बोलणार?”

मला तेवढंच हवं होतं. मी बोर्ड रंगवायला घेतला, त्याच्या आदल्या संध्याकाळी विदर्भातून एक शिक्षिका बाई मुलीच्या लग्नासाठी येऊन सात नंबरमध्ये उतरल्या होत्या. नवरदेव इथल्याच कारखान्यात कामाला होता, लग्न एक दिवस सोडून बुद्धविहाराच्या हॉलमध्ये. सकाळी मुलीला घेऊन त्या नवऱ्याकडच्यांना भेटायला निघाल्या, तेव्हा हातात एक छोटा स्टीलचा डबा होता.

“दादा, हा तुमच्याकडे ठेवा ना. आईची गळ्यातली सोन्याची एकदाणी आहे, पोरीचे कानातले आहेत. उद्या तिच्या अंगावर घालायचे.” आणि त्यांनी माझ्याच दुसऱ्या बोर्डाकडे बोट दाखवलं.

काउंटरला कुलपाचा एकच खण होता. मी म्हणालो, “बाई, इथं तशी सोय नाही. खोलीतच ठेवा, काही होत नाही.” त्या वर गेल्या, डबा बॅगेत ठेवला, खोलीला कुलूप लावलं आणि नियमाप्रमाणे चावी मला दिली. मी ती मागच्या खिळ्याला अडकवली. चावीला ताटलीएवढा लाकडी ठोकळा, त्यावर सातचा आकडा. तोही मीच रंगवलेला.

मग मी जिन्यात स्टूल मांडला आणि नव्या बोर्डाला बसलो. काउंटर मोकळा. ‘चोरी झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.’ ‘जबाबदार’चा ‘ज’ मनासारखा जमला होता, तेवढ्यात पांढऱ्या शर्टातला एक तरुण खालून आला.

“काका, जरा स्टूल सरकवता का?”

मी सरकवला.

“अक्षर काय झ्याक आहे हो तुमचं!”

मी लाजलो. थोड्या वेळाने तो खांद्याला पिशवी लावून उतरला. मी त्याला बजावलं, “सांभाळून, ओला रंग आहे. हात लावू नका.” त्याने खरंच हात लावला नाही. बोर्डाला.

चावी त्याने जाताना परत खिळ्याला अडकवली होती. त्यामुळे दुपारी बाई आल्या तेव्हा मी ती रुबाबात त्यांच्या हातात दिली. दोन मिनिटांत वरून त्यांची हाक आली. बॅग उघडी होती, डबा नव्हता. बाई पलंगावर बसून एकेक साडी झटकून पाहत राहिल्या. पोलीस आले, पंचनामा झाला. कुलूप तुटलेलं नाही, असं हवालदाराने लिहिलं. कोणी आलं-गेलं का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. स्टुलावर बसून मी चोराला वाट करून दिली, हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो? दुसऱ्या दिवशी ती मुलगी पांढऱ्या साडीत, मोकळ्या कानांनी लग्नाला उभी राहिली. मी गेलो नव्हतो, ऐकलं.

बाईंनी मालकांकडे भरपाई मागितली. मालकांनी बोर्ड दाखवला. बाईंनी ठाण्याला ग्राहक मंचात तक्रार केली. वकील नाही, स्वतःच. मालकांच्या वकिलांनी उत्तरात तिन्ही बोर्डांचे फोटो लावले आणि लिहिलं, की तक्रारदाराने सूचना वाचूनच खोली घेतली. माझंही प्रतिज्ञापत्र तयार झालं: ‘मी दिवसभर काउंटरवर हजर होतो.’ मी सही केली. नोकरीचा प्रश्न होता. सहीसुद्धा वळणदार केली.

मंचात सगळं कागदावरच चालतं. मी नुसता वकिलांच्या मागे बसलो होतो. तारखेच्या दिवशी सदस्य बाई फोटो निरखत म्हणाल्या, “फलक फार सुरेख रंगवलेत. कोणी लिहिले?”

मी उभाच राहिलो. “मी, मॅडम!”

“या तिसऱ्याच्या खाली कोपऱ्यात तारीखही आहे, चोरीच्या दिवसाची.”

“सही आणि तारीख मी घालतोच, मॅडम. त्याच दिवशी रंगवला. सकाळी अकराला सुरू केला, दीडला उतरलो. जिन्यात उजेड चांगला असतो.”

वकील माझा शर्ट ओढत होते. मला वाटलं, थोडक्यात आटपा म्हणताहेत.

अध्यक्षांनी माझं प्रतिज्ञापत्र वर काढलं. “म्हणजे अकरा ते दीड तुम्ही काउंटरवर नव्हता. मग चावी कोणाजवळ होती?”

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खाली बघून म्हणालो, “खिळ्याला.” मग पांढऱ्या शर्टाचंही सांगितलं. अध्यक्षांनी खोट्या सहीबद्दल सगळ्यांसमोर माझी चांगलीच कानउघाडणी केली.

निकाल बाईंच्या बाजूने लागला. त्यात लिहिलं होतं, की बाई आदल्या दिवशी उतरल्या तेव्हा ‘जबाबदार राहणार नाही’ हा फलक नव्हताच, आणि असता तरी स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी भिंतीवर लिहून झटकता येत नाही. चावी मागून घ्यायची, दागिने ठेवा म्हणायचं, ठेवायला आणले तर घ्यायचे नाहीत, आणि काउंटर सोडून जायचं, ही सेवेतली त्रुटी आहे. लॉजने भरपाई द्यावी. मालकांनी ती दिली आणि मला घरी पाठवलं. त्यांचं काही चुकलं नाही.

निकालाच्या दिवशी मंचाच्या जिन्यात बाई भेटल्या. म्हणाल्या, “दादा, नोकरीची पर्वा न करता तुम्ही खरं बोललात. आजकाल कोण बोलतं?”

मी मान हलवली. तेवढा मोठेपणा मी बिनदिक्कत घेतला.

जाता जाता त्या थांबल्या. “एक विचारू? रागावून नाही. पैसे मिळतील, पण आईची एकदाणी काही येत नाही. त्या सकाळी मी डबा पुढे केला होता. तुमच्या खणाला कुलूप होतं, मी पाहिलं होतं. का नाही घेतलात?”

त्या दिवशी मला पहिल्यांदा खरं बोलावंसं वाटलं, आणि कोणी अक्षराची तारीफही केली नव्हती.

“जागा नव्हती, बाई,” मी म्हणालो. “खणात माझे ब्रश होते.”