सबीहाने अडवलेली नोटीस

जानेफळ रस्त्यावरच्या त्या बियाणे कंपनीत कोणतीही नोटीस सबीहा शेख आधी वच्छलाबाईंना वाचून दाखवी. वच्छलाबाई सोयाबीन निवडायला बसणाऱ्या बायांमध्ये सगळ्यात जुन्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्यांनी ऐकून "बरं" म्हटलं की नोटीस ग्रुपवर जायची, फलकावर लागायची आणि पाळी बदलताना वजनकाट्याजवळ मोठ्यानं वाचली जायची. त्यांनी काही विचारलं, तर सबीहा कागद पुन्हा लिहायला घेई. वजनाच्या पावत्या फाडायला आलेली ही बाई नऊ वर्षांत ऑफिस सांभाळायला लागली ती काही उगीच नाही.

त्या मंगळवारी मालक भागवतरावांनी पाठवलेला मजकूर मात्र मोठा दिमाखदार होता. पुष्पांजली वानखडे मॅडम येत्या सोमवारपासून उत्पादन प्रमुख म्हणून रुजू होणार. अकोल्याच्या विद्यापीठातून बीजशास्त्राची पदवी, मोठ्या कंपनीत चौदा वर्षांचा अनुभव. प्रक्रिया विभाग, गोदाम, प्रयोगशाळा आता त्यांच्या हाताखाली. शेवटी 'सर्वांनी सहकार्य करावे' होतंच. असल्या मजकुरात ते असतंच, त्याशिवाय मालकांना जेवण जात नाही.

वच्छलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मंग कडूबाभाऊचं काय?"

सबीहानं कागद बाजूला ठेवला. आधीचे प्रमुख सोडून गेल्याला आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून सगळा प्लांट कडूबा एकटा ओढत होता. मूळचा तो ग्रेडिंगचा, म्हणजे बी चाळून प्रतवारी करणारा माणूस. उगवण तपासणीचा निकाल हाती आल्याशिवाय त्यानं बियाण्याचा एकही लॉट बाहेर जाऊ दिला नव्हता, मग व्यापारी दारात बसून राहो. आपण त्या खुर्चीवर बसू, अशी त्याला आशा होती की नव्हती, हे त्यालाच ठाऊक. पण ही बातमी सगळ्या कामगारांच्या देखत त्याच्या कानावर पडली, तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही, हे सबीहाला पक्कं ठाऊक होतं.

नोटीस अकराला ग्रुपवर जायची होती. साडेदहाला ती केबिनमध्ये गेली.

"सर, कडूबाभाऊले सांगतलं का तुम्ही?"

"नंतर सांगतो न. तुम्ही टाका ते ग्रुपवर."

"नाही टाकत, सर."

नऊ वर्षांत तिनं हा शब्द त्यांच्यापुढे कधी काढला नव्हता. भागवतरावांनी चष्मा काढला.

"काऊन?"

"सोमवारपासून लॉट कोन पास करन, सुट्टी कोन देईन, मशीन बंद पडली तं कोनाले सांगाव, यातलं काहीच यात नाही. मानसं मॅडमची पदवी नाही आयकत, आपलं काय होईन ते आयकतात. अन् कडूबाभाऊनं हे काट्याजवळ उभं राहून आयकाव?"

भागवतराव माणूस वाईट नव्हता, फक्त अवघड बोलणं टाळायची त्यांना खोड होती. त्यांनी पुष्पांजली मॅडमना स्पीकरवर फोन लावला आणि कडूबाचं सगळं सांगितलं. मॅडमनी तिकडून स्वच्छ सांगितलं, "लॉट रोखायचा अधिकार कडूबा भाऊंकडेच राहू द्या. त्यांना विचारल्याशिवाय मी काही बदलणार नाही. आणि त्यांना आधी तुम्ही भेटा." ही बाई अजून आली नव्हती, तरी सबीहाला ती तिथंच आवडली.

भागवतराव स्वतः प्लांटमध्ये गेले. सबीहानं तेवढ्यात मजकूर नव्यानं लिहिला: मॅडम कोण, त्यांच्याकडे काय, सुट्टी आणि यंत्रांची तक्रार कोणाकडे, पाळ्यांमध्ये बदल नाही. आणि एक ओळ कडूबाबद्दल. वच्छलाबाईंनी ऐकून "बरं" म्हटलं.

अकरा वाजून गेले. शेवटी कडूबा एकटाच ऑफिसात आला. डोळे लाल होते. धुळीनं म्हणावं तर म्हणा. त्यानं कागद उभ्यानंच वाचला.

"सायबांनी सांगतलं मले," तो म्हणाला. "वाईट वाटलं. खोटं काऊन बोलू? पन आज हे मी वाचतो. दुसऱ्यानं वाचलं तं लोकं माह्या तोंडाकडं पाहत राहतीन."

दुपारी पाळी बदलली. काट्याजवळ पन्नासेक माणसं जमली. कडूबानं खणखणीत आवाजात वाचलं: मॅडमचं नाव, शिक्षण, जबाबदारी, तक्रार कुठं करायची. एका जागी तो अडखळला, ओळ गाळून पुढं गेला आणि कागदाची घडी घालू लागला.

सबीहा पुढं झाली. तिनं कागद त्याच्या हातातून घेतला आणि राहिलेली ओळ मोठ्यानं वाचली: "आठ महिने हा प्लांट कडूबा यांनी एकही खराब लॉट बाहेर जाऊ न देता चालवला. लॉट रोखण्याचा अधिकार यापुढेही त्यांचाच."

कडूबानं मान वर केली नाही. पण तो तिथून गेलाही नाही.