आईचा आवाज आणि बफर

आईच्या थायरॉइडचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आवाजाच्या नसेला सहसा धक्का लागत नाही. पण खात्री देता येत नाही." आई कोपरीची धवलारीण. आगरी लग्नांत धवले गाण्यात तिचं आयुष्य गेलं. हळदीच्या मांडवात तिचा सूर लागला की बाया बोलायच्या थांबत.

ऑपरेशनआधी तिचे धवले रेकॉर्ड करून ठेवायला तिला ठाकुर्लीला माझ्या घरी आणलं. मी घरीच रेकॉर्डिंगची कामं करते. तिच्यासाठी ढोलकी आणि पेटीचे ट्रॅक आधीच तयार ठेवलेले. हेडफोन लावून ती गायला लागली आणि दुसऱ्याच ओळीला रेंगाळली.

"कोनतरी माज्या मागशी गातंय."

"तुझाच आवाज आहे गं."

"मंग उशिरा का येतो?"

चूक माझी होती. कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून पुढे सोडतो. तो साठा, म्हणजे बफर, मी मिक्सिंगसाठी १०२४ वर ठेवलेला. आई स्वतःच्या आवाजाची वाट बघत गात होती. माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या माझ्या जुन्या इंटरफेसला थेट माइक ऐकण्याची सोयही नव्हती. घाईघाईत बफर एकदम ६४ वर आणला.

उशीर गेला, पण कानात तडतड सुरू झाली. आईने गळ्यावर हात ठेवला.

"माज्या गल्यान काय झाला?"

"तुझा गळा ठीक आहे. कॉम्प्युटरला झेपत नाहीये." तिला ते पटलं नाही. ती पाणी प्यायली, खाकरली, घड्याळाकडे बघून "नको आता," म्हणाली. खाली कुणीतरी ड्रिल मशीन चालवत होतं. ते थांबेल तेवढ्यातच रेकॉर्डिंग उरकायचं होतं.

साठा लहान असला की कॉम्प्युटरला प्रत्येक तुकडा फार लवकर संपवावा लागतो. नाही जमलं की आवाज तुटतो. म्हणून मी त्याच्यावरचा भार काढला. ढोलकी-पेटी एकाच फाइलमध्ये उतरवली, जड इफेक्ट बंद केले, ब्राउझर बंद केला. बफर १२८. मग माइकसमोर मीच दोन ओळी गायले. तडतड नाही, आणि उशीर जाणवेल इतका नाही.

"आता बघ."

ती गायली. मध्ये थांबून तिने विचारलं, "आता माजाच हाय ना?" आणि मग थांबलीच नाही. मी स्क्रीनवरचा भाराचा काटा बघत बसलेले, तो वर गेला की श्वास रोखत.

ती कोपरीला परत गेल्यावर बफर पुन्हा वाढवला, इफेक्ट लावले. मिक्स करताना उशीर झाला तरी कुणाचं काही अडत नाही.

ऑपरेशन नीट झालं. आवाज परत आला, पण वरचे सूर अजून नाहीत. परवा तिला रेकॉर्डिंग ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "तिसऱ्या धवल्यात एक ओळ खाल्ली गं मी. ती परत घ्यावी लागंल."


"घेऊ," मी म्हणाले आणि माइकची वायर शोधायला उठले.