बघूसाहेबांचं बटण

“अगं, ते बटण कुठं गेलं?” बघूसाहेब केबिनमधून ओरडले. ताई रिसेप्शनवरचा फोन ठेवून आत धावली. साहेब माउस असा आपटत होते, जणू बटण त्यानंच गिळलंय.

बघूसाहेब हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. या माणसानं कुणाला कधी ‘नाही’ म्हटलं नाही, आणि ‘हो’ म्हणायला तर त्याच्या जिवावर यायचं. ईमेलवर मीटिंगचं आमंत्रण आलं की ‘प्रपोज न्यू टाइम’ दाबायचं, पुढच्या आठवड्यातली वेळ टाकायची आणि चहा मागवायचा. बोलावणारा बिचारा मान डोलावून ती वेळ मान्य करायचा, सगळ्यांना नव्यानं कळवायचा. नवीन वेळ जवळ आली की साहेबांचं पुन्हा तेच.

ताईला पर्मनंट करायची मीटिंग अशीच ढकलत ढकलत वर्ष गेलं. आता या महिनाअखेरीस तिचं कंत्राट संपत होतं. या वेळी मीटिंग ढकलली की ताई घरी. साहेबांचं तिच्याशी वैर नव्हतं हो. फक्त डायरेक्टरसमोर तोंड उघडून एक बाजू घ्यायची, तेवढं सोडून बोला.

ताईनं स्क्रीनवर पाहिलं. तिचीच मीटिंग, उद्या सकाळची. अ‍ॅक्सेप्ट होतं, टेंटेटिव्ह होतं, डिक्लाइन होतं. चौथं, नवीन वेळ सुचवायचं, नव्हतंच.

“साहेब, ज्यांनी बोलावलंय त्यांनी ती सोय बंद केलीय. एचआरच्या मॅडमनी.”

“बंद? अशी कशी बंद करतात?”

“करता येते. आता हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.”

साहेबांना घाम फुटला. बोट डिक्लाइनवर गेलं, दचकून मागं आलं. समोर तीच उभी होती ना! शेवटी डोळे मिटून टेंटेटिव्ह दाबलं. “बघू,” म्हणाले. “आता काही उद्या होत नाही.”

ताईनं बाहेर येऊन आपल्या आमंत्रणावर अ‍ॅक्सेप्ट दाबलं.

दारातल्या शिपाईकाकांनी विचारलं, “काय गं, गाडलं का त्यानं?”

“अर्धवट, काका. यांना गाडायलासुद्धा दुसरं कुणीतरी लागतं.”

सकाळी साहेब आलेच नाहीत. त्यांना वाटलं, आपण ‘कदाचित’ म्हटलं म्हणजे जग थांबलं. मीटिंग मात्र जागची हलली नव्हती. ताई खुर्चीच्या टोकावर बसली होती, एचआरच्या मॅडम आणि डायरेक्टर समोर.

“हिचे साहेब कुठायत?” डायरेक्टर.

“त्यांचं टेंटेटिव्ह आहे, सर,” मॅडम म्हणाल्या.

“म्हणजे येतील कदाचित. तोवर आपण उरकून घेऊ.”

चहा यायच्या आत ताई पर्मनंट झाली. साहेब दुपारी आले, सगळ्यांच्या आधी अभिनंदन करून गेले, वर म्हणाले, “माझा पाठिंबा होताच.”

ताईला वाटायचं, मॅडमनी ते बटण आपल्यासाठी बंद केलं. पुष्कळ दिवसांनी कळलं, मॅडमचा तो नोकरीचा शेवटचा आठवडा होता. त्यांनी त्या आठवड्यातल्या सगळ्याच आमंत्रणांवरचं ते बटण काढून टाकलं होतं. त्यांना फक्त वेळेवर घरी जायचं होतं.