रसीलाबेनचा होकार

पालडीतल्या आमच्या जैन सोसायटीत मुनीमहाराजांच्या खालोखाल कुणाचा शब्द चालत असेल, तर तो पहिल्या मजल्यावरच्या रसीलाबेन दोशींचा. महाराज काय सोडावं ते सांगतात, रसीलाबेन नेमकं कोणत्या पुड्यात ते लपलंय ते सांगतात. पाकीट आधी त्यांच्याकडे जातं, मग तोंडात.

त्या पाकीट उलटंच धरतात. पुढच्या हिरव्या ठिपक्याकडे बघतसुद्धा नाहीत. "तो ठिपका सरकारचा," त्या म्हणतात. "सरकार कांदा, बटाटा, मध, सगळं खातं." मग भिंगातून एकेक आकडा. १६२ म्हणजे बीटचा रंग, कंदाचा, बाद. १६० सी मिरचीचा, चालेल. सुंठ चालते, ओलं आलं नाही. नुसतं 'मसाले' लिहिलं असेल तर कंपनीला फोन. त्यांचे यजमान गुणवंतभाई गेली सहा वर्षं बिस्किटाशिवाय चहा पितात. धर्म वाढला, वजन घटलं, असं ते खुशीत सांगतात. निदान रसीलाबेन ऐकत असताना तरी.

यंदा पर्युषणात तिसऱ्या मजल्यावरच्या नीरुबेनच्या सुनेनं, हेतलनं, आठ दिवसांचे उपवास केले. पारण्याच्या सकाळी साधू-साध्वी उतरतात त्या उपाश्रयात आलेल्यांना प्रभावनेची भेट वाटायची, म्हणून नीरुबेननी मसाला शेंगदाण्यांची तीनशे पाकिटं मागवली. पुढे ठळक अक्षरांत 'जैन' छापलेलं. आदल्या दुपारी एक पाकीट घेऊन त्या खाली आल्या, ते विचारायला नव्हे, मिरवायला.

रसीलाबेननी पाकीट उलटं केलं. "खाद्य स्टार्च. कशाचा?"

"अहो, जैन लिहिलंय ना!"

"पाटी तर कुणीही लावतं, नीरुबेन."

कंपनीला फोन लागला. स्पीकरवर एक गोड आवाजाचा माणूस आला.

"स्टार्च बटाट्याचा आहे, बेन."

"आणि वर जैन?"

"कांदा-लसूण नाही ना, म्हणून जैन. आणि बटाटा कुठे आहे? नुसती पावडर आहे. शेंगदाणाही जमिनीतच येतो, तो कसा चालतो?"

"शेंगदाणा बी आहे, भाई, कंद नाही. शेंग पिकते, वेल वाळतो, मग काढतात. बटाट्यात अनंत जीव. पावडर केली म्हणून ते जीव राजीनामा देऊन गेले का?"

माणसानं तक्रार क्रमांक दिला आणि फोन ठेवला.

नीरुबेनचा चेहरा उतरला. उद्या सकाळी तीनशे माणसं रांगेत उभी राहणार, सुनेच्या तपाचं कौतुक करणार, आणि हातात काय द्यायचं? "तुम्ही कुणाला सांगितलं नाही, तर कुणाला कळणार?" त्या हळूच म्हणाल्या.

"मला कळलंय ना."

ते वाक्य नीरुबेनना झोंबलं. त्या तडक वर गेल्या आणि खाली आल्या त्या एक बरणी घेऊन. आत गेल्या वर्षीच्या प्रभावनेतलं रसीलाबेनचंच पाकीट: रंगीत, चकचकीत बडीशेपेच्या गोळ्या.

"वाचा हे. मोठ्यानं."

रसीलाबेननी भिंग लावलं. साखर, बडीशेप... आणि मग थांबल्या.

"वाचा ना!"

"नऊशे चार," त्या म्हणाल्या. "लाख. किड्याची."

"हिरवा ठिपका आहे बरं का."

"कायद्याला लाख चालते." रसीलाबेन खुर्चीत बसल्या. "गोडात कांदा-बटाटा कशाला येईल, म्हणून मी मागचं वाचलंच नाही. चारशे पाकिटं वाटली मी, नीरुबेन."

गुणवंतभाईंनी आतून विचारलं, "मग आता आपण बिस्किटं..."

"गप्प बसा!" दोघी एकदम म्हणाल्या.

संध्याकाळी क्षमायाचनेच्या प्रतिक्रमणानंतर रसीलाबेननी साध्वीजींकडे जाऊन चूक कबूल केली. चार आयंबिलांचं, म्हणजे चार दिवस एकवेळच्या अळणी, कोरड्या जेवणाचं प्रायश्चित्त मिळालं. तासाभरात सोसायटीभर झालं, आणि गंमत म्हणजे त्यांचा मान वाढलाच. ज्यांना प्रायश्चित्त घ्यायची वेळ कधी आली नव्हती, त्यांना आपल्यातच काही कमी आहेसं वाटू लागलं.

शेंगदाणे सोसायटीच्या झाडूवाल्यांकडे आणि वॉचमनकडे गेले. पाकिटाची मागची बाजू वाचणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. रसीलाबेन आणि नीरुबेन बाजारातून खडीसाखर आणि सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या घेऊन आल्या. खडीसाखरेच्या पोत्यावर छापलेलं रसीलाबेननी तिथेच उभं राहून वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग दोघींनी हेतलच्या खोलीत बसून कोऱ्या कागदाच्या तीनशे पुड्या बांधल्या.

सकाळी रांगेतल्या एका बाईनं पुडी घेतली, उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली.

"यावर तर काहीच लिहिलेलं नाही, नीरुबेन. मग आत काय आहे, ते कसं कळायचं?"

"उघडून बघा," हेतल म्हणाली.

बाई हलेना. मागची रांग थांबली. नीरुबेननी खांबाशी उभ्या असलेल्या रसीलाबेनकडे एकदा पाहिलं, ओठ आवळले, आणि शेवटी म्हणाल्या, "रसीलाबेननी तपासलंय."

रांग पुढे सरकली.