न आलेला फोन

ही गोष्ट मी आजवर घरीही सांगितली नाही. निवृत्तीनंतर नोकरीतले किस्से पुष्कळ रंगवून सांगितले, पण इथवर आलो की विषय बदलायचो.

नव्वदीच्या दशकात मी विश्रांतवाडीच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. एका सकाळी शेजारच्या गावचे एक शेतकरी आले. गाव नुकतंच शहराच्या हद्दीत घेतलं होतं. त्यांची मुलगी दोन दिवस घरी नव्हती.

"साहेब, पोरीला उचलून नेलंय. तिच्या मागं लागलेल्या त्या कारकुनाचंच काम हाय."

"वय काय तिचं?"

"वीस."

"कुणी ओढून नेताना पाहिलं?"

"न्हाई."

मी मिसिंगची नोंद घेतली आणि कायदा समजावला. मुलगी अठराच्या आत असती, तर तिची मर्जी कुणी विचारली नसती. आईबापांच्या ताब्यातून नेली, एवढ्यावर अपनयनाचा, म्हणजे पळवून नेल्याचा गुन्हा झाला असता. सज्ञान माणसाच्या अपहरणाला मात्र जबरदस्ती किंवा फसवणूक लागते, शिवाय त्यामागे वाईट हेतूही दिसावा लागतो. स्वतःच्या पायांनी गेलेल्या वीस वर्षांच्या मुलीसाठी गुन्हा दाखल होत नाही.

"मग तुमी शोधणारच न्हाई?"

"शोधू की. सवडीनं." आणि पुणेरी तिरकसपणाने पुढे म्हणालो, "खंडणीचा फोनबिन आला असता, तर अख्खं ठाणं पळालं असतं, मालक."

ते उठून निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले ते अनवाणी. गडबडीत चपला घालायच्या राहिल्या असाव्यात.

"साहेब, फोन आला. पैसं द्या, न्हाईतर पोरीला मारतो म्हनला."

बोलताना ते टेबलाकडे बघत होते. फोन आलेला नाही आणि ही वाक्यं कुठून आली, दोन्ही मला तिथेच कळलं. पण त्यांच्या अनवाणी पायांवर धूळ होती, आणि माझ्याही घरी मुलगी होती. फिर्याद घेतली. खंडणीसाठी अपहरण, म्हणजे जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा. वरिष्ठ धावले, पथकं निघाली. कॉल कुठून आला हे टेलिफोन एक्स्चेंजला विचारायला हवं होतं. ते काम माझ्याकडे होतं. मी ते लांबवलं.

संध्याकाळपर्यंत दोघं खडकवासल्याकडे एका भाड्याच्या खोलीत सापडली. मुलगी पोहे परतत होती. आळंदीत लग्न लावून आली होती, गळ्यात नवं मंगळसूत्र होतं.

"खंडणी? माझ्यासाठी?" ती हसलीच. "अहो साहेब, बाबांचा उलट हुंडा वाचला!"

मुलगा मात्र हसला नाही. "साहेब, माझी नोकरी तात्पुरती आहे," एवढंच म्हणाला. तो एका सरकारी कार्यालयात कारकून होता. गुन्हा दाखल होता, नाव फिर्यादीत होतं. मी त्याला अटक केली.

मुलीला कोर्टात उभं केलं. मॅजिस्ट्रेटनी शाळेच्या दाखल्यावरून वय पाहिलं. पोलिसांना आणि नातेवाइकांना बाहेर काढून तिचा जबाब स्वतः नोंदवला. मग आम्हाला आत बोलावलं.

"तुम्ही सज्ञान आहात. कुणाच्या ताब्यात देण्याचा प्रश्नच येत नाही. कुठे जायचंय तुम्हाला?"

"नवऱ्याकडे."

"मग जा."

"कशी जाऊ? तो यांच्याकडे आहे," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

ती मोकळी झाली, तो झाला नाही. एवढ्या मोठ्या कलमात खालच्या कोर्टात जामीन मिळत नाही. पोलीस कोठडी झाली, मग येरवडा. सत्र न्यायालयात अर्ज लागेपर्यंत तो आतच होता. मी वरिष्ठांना एक वाक्य सांगितलं असतं, की फोनची कल्पना माझ्या तोंडून गेली, तर त्या बापाला उलट प्रश्न विचारले गेले असते आणि मुलगा लवकर सुटला असता. पण मग बाप खोट्या फिर्यादीत अडकला असता आणि मी चौकशीत. बापासाठी गप्प बसलो, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं होतं.

पुढे पुराव्याअभावी त्याचं नाव वगळलं. तोवर कार्यालयाने त्याची सेवा संपवली होती. तुरुंगात जाऊन आलेल्या तात्पुरत्या माणसाला कोण परत घेणार?

निवृत्तीनंतर कळलं, नारायण पेठेत त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. मी गेलो. त्याचे केस पिकले होते, पण मी ओळखलं लगेच. त्यानेही ओळखलं.

"या साहेब. बसा. काय काढायचंय?"

आत त्याची बायको कागद बांधत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला. मी पाणी संपवलं. खिशात वीजबिल होतं, तेच पुढे केलं.

त्याने प्रत काढली, नीट घडी घालून दिली. "आणखी काही, साहेब?"

तुझी नोकरी माझ्यामुळे गेली, मला माफ कर, एवढंच म्हणायचं होतं. घरून निघताना ते चारदा म्हणून पाहिलं होतं.

"नाही," मी म्हणालो, "एवढंच."